तरंगणाऱ्या वस्तूचं उत्तर बरोबर आलं का? वजन आणि प्लावक बल ताडून पाहण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात संध्याकाळी ओसरीवर सात-आठ पोरं गणितं घेऊन बसतात. बाकी धडे निघून जातात, पण तरंगण्याच्या गणिताशी आले की सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी निघतात आणि प्रत्येकाला आपलंच बरोबर वाटतं. मग भांडण सोडवायला एकच गोष्ट उरते, ती म्हणजे वस्तूचं वजन आणि तिनं बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन समोरासमोर ठेवणं. तेच प्रश्न दर वर्षी येतात, म्हणून इथे एकदा लिहून ठेवतो.

बहुतेक उदाहरणं एकाच ठोकळ्यावर आहेत. तो सागवानाचा आहे, सुताराकडून मागून आणलेला. लांबी २० सेंमी, रुंदी १५ सेंमी, उंची १० सेंमी. किराणा दुकानातल्या काट्यावर वजन भरलं १९५० ग्रॅम.

पडताळा घ्यायचा म्हणजे नेमकं काय कशाशी ताडायचं?

वस्तू पाण्यावर निवांत तरंगते आहे, वर जात नाही, खाली जात नाही. म्हणजे तिला खाली ओढणारं वजन आणि पाण्यानं वर ढकलणारं प्लावक बल सारखं आहे. (काही पुस्तकांत यालाच उत्प्लावक बल म्हणतात, गोष्ट तीच.) आणि प्लावक बल किती, तर वस्तूच्या बुडालेल्या भागानं जेवढं पाणी बाजूला सारलं तेवढ्या पाण्याचं वजन.

ठोकळा आडवा टाकला तर किती बुडेल, हा प्रश्न होता. पोरांनी उत्तर काढलं ६.५ सेंमी. आता हे उत्तर खरं मानायचं आणि त्यावरून दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजायच्या.

एका बाजूला वजन. १.९५ किलोग्रॅम गुणिले ९.८, म्हणजे १९.११ न्यूटन. यात पाण्याचा काही संबंध नाही.

दुसऱ्या बाजूला प्लावक बल. बुडालेला भाग २० × १५ × ६.५, म्हणजे १९५० घन सेंमी. घन मीटरमध्ये ०.००१९५. त्याला पाण्याची घनता १००० आणि ९.८ नं गुणलं की १९.११ न्यूटन. यात लाकडाचा काही संबंध नाही, फक्त ठोकळ्याचा आकार आणि तो किती बुडाला एवढंच आलं.

दोन्ही सारखे आले, उत्तर टिकलं. मी पोरांना या दोन ओळी वहीच्या पानावर शेजारी-शेजारी लिहायला लावतो, एकाखाली एक नाही. डावीकडे फक्त वस्तू आणि उजवीकडे फक्त पाणी. लाकडाची घनता उजवीकडे शिरली की तिथल्या तिथे दिसते.

उत्तर चुकलं असेल तर पडताळ्यातून चूक कुठे आहे ते कळतं का?

बऱ्याच वेळा कळतं, आणि या पडताळ्याची खरी गंमत तिथेच आहे.

एका पोरानं बुडालेली खोली लिहिली ३.५ सेंमी. उजवी बाजू काढली तर २० × १५ × ३.५ म्हणजे १०५० घन सेंमी, प्लावक बल १०.२९ न्यूटन. वजन १९.११. आता विचारायचं की असा ठोकळा काय करेल? वजन जास्त आहे, म्हणजे तो अजून खाली जाईल. म्हणजे खरं उत्तर ३.५ पेक्षा मोठं हवं. तेवढं कळल्यावर त्यानं स्वतःच डोक्याला हात लावला. ३.५ सेंमी हा पाण्याबाहेर राहिलेला भाग होता, प्रश्न बुडालेल्या भागाचा होता.

दुसऱ्यानं प्लावक बलासाठी पूर्ण ठोकळ्याचं आकारमान घेतलं, ३००० घन सेंमी. बल आलं २९.४ न्यूटन, वजनापेक्षा दहा न्यूटननं जास्त. तसं असतं तर ठोकळा पाण्यातून वर येत राहिला असता. ठोकळा हातानं दाबून पूर्ण बुडवला तर हे २९.४ न्यूटन खरं आहे, आणि सोडल्यावर तो उसळी घेतो ते त्याच्यामुळेच. पण तरंगताना पूर्ण ठोकळा पाण्यात नसतो.

तिसरी चूक सगळ्यात जास्त दिसते. बुडालेलं आकारमान बरोबर, १९५० घन सेंमी, पण त्याला पाण्याच्या १००० ऐवजी लाकडाच्या ६५० नं गुणलं. उत्तर १२.४२ न्यूटन. हा आकडा म्हणजे ठोकळ्याच्या फक्त बुडालेल्या भागाचं वजन आहे, प्लावक बल नाही. उजव्या बाजूला नेहमी द्रवाचीच घनता येते, वस्तू कशाचीही असो.

सगळं न्यूटनमध्येच करावं लागतं का?

पेपरात करा, कारण बल विचारलंय. मनातल्या मनात ताडायला ग्रॅम पुरतात. ९.८ दोन्ही बाजूंना सारखाच आहे, म्हणून तो गेला तरी बरोबरी मोडत नाही, आणि साध्या पाण्याचा १ घन सेंमी म्हणजे १ ग्रॅम. ठोकळा १९५० ग्रॅम, सारलेलं पाणी १९५० ग्रॅम, संपलं. त्यामुळेच कुणी ९.८ ऐवजी १० घेतलं तरी पडताळा जुळतो. फक्त एका बाजूला किलोग्रॅम आणि दुसऱ्या बाजूला न्यूटन ठेवू नका. एकीनं १.९५ आणि १९.११ शेजारी लिहिले आणि "सर, दहापट चुकलं जी" म्हणून सगळं गणित खोडून टाकलं. गणित बरोबर होतं.

स्टील पाण्यात बुडतं, मग स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, कसा तरंगतो? पडताळ्यात कोणतं आकारमान घ्यायचं?

आमच्या घरचा एक गंज घ्या. सरळ उभ्या बाजूंचा, बाहेरून व्यास २० सेंमी, वजन ६२८ ग्रॅम. हौदात सोडला की तो तरंगतो. पोरं हिशोब करतात तो असा. स्टीलची घनता ७.९, म्हणजे ६२८ ग्रॅम स्टीलचं आकारमान जेमतेम ८० घन सेंमी. तेवढंच पाणी सारलं तर प्लावक बल ८० ग्रॅमभाराचं. वजन ६२८. म्हणजे बुडायला पाहिजे!

डोळ्यासमोर गंज तरंगतोय आणि वहीत बुडतोय, तर वहीचं चुकलं असं धरा. पाण्याला आतलं स्टील किती जाड आहे हे माहीत नसतं. पाण्याच्या पातळीखाली गंजानं जेवढी जागा अडवली, आतल्या पोकळीसकट, तेवढं सगळं पाणी बाजूला सरलेलं असतं. तळाचं क्षेत्रफळ ३.१४ × १० × १०, म्हणजे ३१४ चौरस सेंमी. २ सेंमी बुडाला की ६२८ घन सेंमी पाणी सरलं, म्हणजे ६२८ ग्रॅम. जुळलं. हौदाच्या पातळीशी गंजावर पेनानं खूण केली आणि पट्टी लावली तर २ सेंमीच्या आसपासच भरते. मग त्यात दोन किलो तांदूळ घातले. एकूण २६२८ ग्रॅम, भागिले ३१४, म्हणजे ८.३७ सेंमी. गंज तेवढा खाली गेला आणि तरंगतच राहिला.

नदीवरच्या डोंग्याचं तेच. हिशोबापुरता डोंगा ५ मीटर लांब आणि ६० सेंमी रुंद आयत धरा. तो १ सेंमी खाली गेला की ३०,००० घन सेंमी, म्हणजे ३० किलो पाणी सारतो. ६० किलोचा माणूस चढला तर २ सेंमी. कुणाचं उत्तर २० सेंमी आलं तर एक शून्य जास्त पडलंय हे गणित पुन्हा न सोडताच कळतं. खऱ्या डोंग्याची टोकं निमुळती असतात, म्हणून तो यापेक्षा थोडा जास्त बुडेल.

वजन आणि प्लावक बल सारखं धरूनच उत्तर काढलं, आणि आता तेच ताडतोय. हे फिरून-फिरून तिथेच येणं नाही का झालं?

हा प्रश्न एका नववीच्या पोरीनं विचारला होता. माझ्या ओसरीवरचा आजवरचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच.

अर्धं खरं आहे. तुम्ही मांडणी बरोबर केली आणि गुणाकार-भागाकार चुकला, किंवा सेंमीचे मीटर करताना शून्य सुटलं, किंवा बाहेरचा भाग बुडालेला म्हणून लिहिला, तर पडताळा चूक धरतो. पण जी चूक दोन्ही वेळा सारखीच केली ती तो धरू शकत नाही.

वरचाच गंज. एकानं व्यास २० हीच त्रिज्या समजली. तळ आला १२५६ चौरस सेंमी, आणि बुडालेली खोली ०.५ सेंमी. मग पडताळा घेतला, १२५६ × ०.५ म्हणजे ६२८ घन सेंमी, ६२८ ग्रॅम. एकदम जुळलं! आणि उत्तर साफ चुकीचं, गंज २ सेंमी बुडतो. काट्यावर वजन चुकीचं वाचलं तरी असंच होतं, कारण तो आकडा दोन्हीकडे पोहोचलेला असतो.

यावर माझा उपाय एवढाच की पडताळा घेताना वहीतलं क्षेत्रफळ उचलायचं नाही. प्रश्नपत्रिकेतली मूळ मापं पुन्हा वाचायची आणि बुडालेलं आकारमान नव्यानं काढायचं. आणि खोली गुणोत्तरानं काढली असेल (घनता ०.६५, म्हणून दहापैकी साडेसहा) तर पडताळा गुणोत्तरानं नको, बलांनी घ्या. वाट वेगळी असली तरच दुसऱ्यांदा तिथेच पोहोचण्याला अर्थ आहे.

खोली वस्तूच्या उंचीपेक्षा जास्त आली तर?

मग वस्तू तरंगतच नाही. १० सेंमी उंचीच्या ठोकळ्याची बुडालेली खोली २६ सेंमी आली आणि वजन-बल कागदावर जुळलं, तरी त्याला अर्थ नाही, कारण २६ सेंमी बुडायला ठोकळा तेवढा उंचच नाही. म्हणून आधी हे पाहायचं, मगच बलांकडे जायचं.

लोणारच्या खारट पाण्यात टाकलं तर प्लावक बल वाढेल ना?

तरंगणाऱ्या वस्तूवर नाही वाढत. इथे चांगले-चांगले फसतात. ठोकळ्याचं वजन १९.११ न्यूटनच आहे, आणि तरंगतोय म्हणजे प्लावक बलही १९.११ न्यूटनच. पाणी जड असल्यानं तेवढं बल कमी पाण्यात मिळतं, म्हणून ठोकळा कमी बुडतो. पूर्ण बुडवून धरलेल्या वस्तूची गोष्ट वेगळी, तिच्यावरचं बल खरंच वाढतं. पोरांच्या डोक्यात ही दोन चित्रं एकमेकांत मिसळलेली असतात.

लोणारच्या पाण्याचा खारटपणा ऋतूप्रमाणे बदलतो, म्हणून गणितासाठी आपण घनता १.०३ धरू. खोली ६.५ भागिले १.०३, म्हणजे ६.३१ सेंमी. पडताळा, २० × १५ × ६.३१ म्हणजे १८९३ घन सेंमी, गुणिले १.०३, म्हणजे १९४९.८ ग्रॅम.

१९५० आणि १९४९.८. मग जुळलं म्हणायचं की नाही?

जुळलं. ६.३१ हा आकडा आपणच दोन दशांश स्थळांवर तोडला होता, ०.२ ग्रॅम तिथे सांडले. फरक तोडलेल्या आकड्याएवढाच आहे का, ते पाहायचं. या ठोकळ्याच्या तळाचं क्षेत्रफळ ३०० चौरस सेंमी आहे, म्हणजे खोलीत ०.०१ सेंमीचा फरक म्हणजे ३ ग्रॅम. तेवढ्याच्या आत असेल तर सोडून द्या. ४०-५० ग्रॅमचा फरक दिसला तर कागदावरच्या गणितात चूक आहे, ती शोधा.

पाण्यावर तेलाचा थर असेल तर? तेल तर वरून खाली दाबेल ना?

नाही दाबत, आणि हे पटायला वेळ लागतो. ठोकळ्याचा माथा तेलाच्याही वर, हवेत आहे. त्याच्या डोक्यावर तेल नाहीच. उलट तेलाचा भार खालच्या पाण्यावर पडतो, पाण्याचा दाब तेवढा वाढतो, आणि तो ठोकळ्याच्या तळाला वर ढकलतो. म्हणजे तेलही उचलायलाच मदत करतं.

थर २ सेंमीचा, जवसाच्या तेलाची घनता सोपी म्हणून ०.९ धरली. ठोकळा तेलात २ सेंमी, त्याखाली पाण्यात ४.७ सेंमी, असं उत्तर आलं. पडताळ्यात दोन्ही द्रव वेगळे मोजायचे. तेल ३०० × २ × ०.९ म्हणजे ५४० ग्रॅम. पाणी ३०० × ४.७ म्हणजे १४१० ग्रॅम. बेरीज १९५० ग्रॅम. एकूण ६.७ सेंमी बुडाला, नुसत्या पाण्यातल्यापेक्षा २ मिलिमीटर जास्त, कारण त्यातलं काही बुडणं हलक्या तेलात झालं.

इथे एक खोच आहे. थर ८ सेंमीचा असता तर ठोकळा पाण्यापर्यंत पोहोचलाच नसता. सागवान तेलापेक्षाही हलकं आहे, तो तेलातच ७.२२ सेंमीवर थांबतो. अशा वेळी कुणी पाण्यातली खोली काढायला गेला तर उत्तर ऋण येतं.

पडताळा जुळला, पण ठोकळा तसा तरंगतच नाही. काऊन?

ठोकळा उभा टाकायचा प्रश्न असला की हे होतं. तळ १५ × १०, म्हणजे १५० चौरस सेंमी. खोली १३ सेंमी. सारलेलं पाणी १९५० ग्रॅम. बरोबरी चोख आहे. पण बादलीत उभा सोडला की ठोकळा आडवा होतो, दहा वेळा सोडा, दहा वेळा.

बल सारखं आहे एवढ्यानं वस्तू खाली-वर जात नाही. ती कलंडणार की नाही, ते दोन्ही बलं कुठून लागतात त्यावर आहे. ठोकळ्याचं वजन तळापासून १० सेंमीवर एकवटलेलं आहे. प्लावक बल बुडालेल्या भागाच्या मध्यातून लागतं, म्हणजे तळापासून ६.५ सेंमीवर. जरासा कललं की ही दोन बलं एका रेषेत राहत नाहीत आणि ठोकळ्याला आणखी फिरवतात. आडव्या ठोकळ्यातही वजन वरच असतं, ५ सेंमीवर, आणि बल ३.२५ सेंमीवर. पण तिथे ठोकळा रुंद आणि कमी खोल आहे, कलला की बुडालेल्या भागाचा मध्य झुकलेल्या बाजूला चांगलाच सरकतो आणि त्याला परत सरळ करतो. शाळेच्या गणितात हे विचारत नाहीत. वजन-बलाचा पडताळा मात्र याबद्दल गप्प असतो, हे माहीत असलेलं बरं.

घरी खरंच करून पाहायचं असेल तर सांडलेलं पाणी मोजू का?

पुस्तकात तसंच असतं. काठोकाठ भरलेलं भांडं, खाली परात, वस्तू सोडा, सांडलेलं पाणी तोला. आम्ही ४० सेंमी तोंडाच्या टबात केलं. १९५० ग्रॅम यायला हवे होते, आले १८९०. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

६० ग्रॅम गेले कुठे? थोडे परातीबाहेर उडाले असतील. पण टबाच्या तोंडाचं क्षेत्रफळ १२५६ चौरस सेंमी आहे. पाणी काठापेक्षा नुसतं अर्धा मिलिमीटर खाली असलं तरी ६३ ग्रॅम पाणी आधी ती जागा भरायला जातं आणि सांडत नाही. अर्धा मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. तोंड जितकं रुंद तितकी ही चूक मोठी. उलट ठोकळा हातानं सोडताना जरा जास्त दाबला गेला की पाणी जास्त सांडतं.

त्यापेक्षा पट्टी बरी. ठोकळ्याच्या चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या रेषेशी पेनानं खूण करा, बाहेर काढून चारही खोल्या मोजा, सरासरी घ्या. कोपरे चार घ्यायचे कारण लाकूड सगळीकडे सारखं दाट नसतं, ठोकळा थोडा तिरपा बसतो. पट्टीत १ मिलिमीटरची चूक म्हणजे ३० ग्रॅम, म्हणजे शंभरात दीड. तेवढ्यात जुळलं तर समाधान माना. मे महिन्यात हौदाचं पाणी ३५ अंशांना गेलं की त्याची घनता ०.९९४ वर येते, पण त्यानं खोलीत अर्धा मिलिमीटरही फरक पडत नाही, पट्टीला तो दिसणार नाही.

सकाळी जुळलं होतं, दुपारी ठोकळा जास्त बुडाला. काय बिघडलं?

लाकडानं पाणी प्यायलं. आमचा ठोकळा तीन तास हौदातच राहिला होता, बाहेर काढून पुसून तोलला तर २०१० ग्रॅम. २०१० भागिले ३०० म्हणजे ६.७ सेंमी, आणि नवी खूण तिथेच होती. म्हणून तरंगवायच्या आधी नाही, खूण करून बाहेर काढल्यावर लगेच तोला. किंवा सुताराकडून आणतानाच त्याला मेण चोळून घ्या.